स्तंभ आकड्यापर्यंत बरोबर नेला, मग आलेख चुकला कसा?

*ताई, माझी मुलगी चौथीत आहे. वर्गातल्या सगळ्यांना आवडतं फळ विचारून स्तंभालेख काढायचा होमवर्क होता. तिने ३६ जणांची उत्तरं घेतली, आंबा १३, द्राक्षं ८, केळं ७, सफरचंद ६, संत्रं २. मग उभ्या रेषेवर खालून वर २, ६, ७, ८, १३ असे आकडे एकेका चौकटीवर लिहिले आणि प्रत्येक फळाचा स्तंभ बरोबर आपापल्या आकड्यापर्यंत नेला. बाईंनी लाल पेनाने "प्रमाण चुकलं, परत काढ" एवढंच लिहिलंय. मला तर चूक दिसतच नाहीये आणि ती रडकुंडीला आलीये. काय चुकलं आणि तिला कसं समजावू? – एक आई*

बाईंचं बरोबर आहे, फक्त चार शब्दांत ते कुणाला कळणार नाही हेही तितकंच खरं. आणि तुम्हाला चूक दिसत नाहीये त्याचं कारण सोपं आहे, तुम्ही आकडे वाचताय. आलेखातले आकडे जरा वेळ झाकून टाका, उभ्या रेषेवर कागदाची पट्टी ठेवा आणि फक्त स्तंभांकडे बघा. संत्र्याचा स्तंभ एक चौकट उंच, सफरचंदाचा दोन, केळ्याचा तीन, द्राक्षांचा चार आणि आंब्याचा पाच. म्हणजे सरळ एकसारख्या पायऱ्यांचा जिना झालाय.

आता या जिन्यावरून काय वाटतं बघा. केळं ते द्राक्षं एक पायरी, द्राक्षं ते आंबा पण एकच पायरी. पण वर्गात काय झालंय? केळं आणि द्राक्षं यांच्यात फरक एका मुलाचा, आणि द्राक्षं आणि आंबा यांच्यात तब्बल पाच मुलांचा. चित्र म्हणतंय दोन्ही फरक सारखे. सफरचंदाचा स्तंभ संत्र्याच्या दुप्पट दिसतोय, खरं तर सफरचंदवाले ६ आणि संत्रंवाले २, म्हणजे तिप्पट. चित्र खोटं बोलतंय, आणि आकडे खरे लिहिलेत म्हणून आपल्याला ते पटकन कळत नाही एवढंच.

हे मुलीला पटवायचा एक हमखास उपाय सांगते. तिला विचारा, "समजा आंबा १३ जणांनी नाही, ३० जणांनी सांगितला असता, तर तुझा आलेख कसा दिसला असता?" ती विचार करेल आणि मग तिच्या लक्षात येईल की १३ खोडून तिथे ३० लिहायचं, बाकी काहीच बदलत नाही, स्तंभ पाच चौकटींचाच राहतो. १०० जणांनी सांगितला असता तरी पाचच! कुठलेही पाच वेगवेगळे आकडे घ्या, या पद्धतीने काढले की हाच जिना येणार. जे चित्र आकडे बदलले तरी बदलत नाही, त्यात आकडे आलेच कुठे? हा प्रश्न विचारून गप्प बसा, लगेच उत्तर देऊ नका, बहुतेक मुलांची इथेच ट्यूब पेटते.

आता ती असं का करते तेही बघू, कारण ही चूक खूप मुलं करतात आणि त्यामागे त्यांचं एक लॉजिक असतं. आडव्या रेषेवर आपण काय लिहितो? फळांची नावं. आंबा, केळं, संत्रं, जी होती तेवढीच, समान अंतरावर, क्रम कुठलाही. मुलांना वाटतं उभ्या रेषेवरही तसंच करायचं, टेबलमध्ये जे आकडे आले तेवढेच घ्यायचे, लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे, झालं. पण या दोन रेषा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचं काम वेगळं आहे. आडव्या रेषेवर फक्त नावाच्या पाट्या आहेत, आंबा आणि केळं यांच्यामधल्या अंतराला काही अर्थ नाही, तुम्ही केळं आधी घ्या की आंबा, काही बिघडत नाही. उभी रेषा म्हणजे मात्र संख्यारेषा आहे, तीच पहिली-दुसरीत जमिनीवर आडवी पडलेली असते ना, ती इथे उभी केली. आणि संख्यारेषेवर अंतर हेच सगळं काही. ६ आणि ७ मध्ये जेवढी जागा, तेवढीच ७ आणि ८ मध्ये, आणि ८ पासून १३ पर्यंत त्याच्या पाचपट.

मुलांशी बोलताना मी हे फुटपट्टीवरून सांगते. तुझ्या पेन्सिलची लांबी १३ सेंटीमीटर आहे म्हणून फुटपट्टी बनवणारा ८ च्या पुढच्या खुणेवर डायरेक्ट १३ लिहितो का? नाही ना, ९, १०, ११, १२ ची जागा सोडावीच लागते, तुला त्यांची गरज असो नसो. उभी रेषा म्हणजे आलेखाची फुटपट्टी, ती मोजमाप घ्यायच्या आधी तयार असते, मोजमाप बघून तिच्या खुणा ठरत नाहीत. आकडा कुणाच्या वाट्याला आला नाही तरी त्याची जागा राहते.

बरं, आता परत काढायचा तर लगेच पेन्सिल पट्टी घेऊन बसवू नका. आधी एक काम करा, जुन्या कागदाचे सारख्या मापाचे ३६ चौकोन कापा, एका मुलाचा एक चौकोन. मग टेबलवर फळांची नावं ओळीने ठेवून त्यावर चौकोन एकावर एक रचायचे, आंब्यावर १३, द्राक्षांवर ८ असे, मध्ये फट न ठेवता, खालची कड सगळ्यांची एका रेषेत. हा झाला तिचा आलेख, अजून एकही आकडा न लिहिता. आंब्याची रांग द्राक्षांच्या पाच चौकोन वर गेलेली ती डोळ्यांनी बघेल, बिचारं संत्रं खाली दोनच चौकोनांवर बसलेलं. मग त्या रचनेच्या बाजूला एक पट्टी ठेवा आणि तिला म्हणा आता इथे आकडे लिही. ती आपोआप ० पासून १३ पर्यंत सगळे लिहील, कारण चौकोन समोर आहेत, मधले आकडे गाळायला जागाच नाही.

इथे एक बारीक गोष्ट नीट बघा, कारण पुढची चूक इथूनच सुरू होते. आकडा चौकोनाच्या समोर नाही, चौकोनाच्या वरच्या कडेला लिहायचा. आणि सगळ्यात खालच्या कडेला ०. बरीच मुलं खालच्या रेषेवरच १ लिहितात, मोजायला एकपासून सुरुवात करायची सवय असते ना. मग होतं काय, १३ ची रेषा खालून बाराव्या चौकटीवरच येते आणि २ ची पहिल्याच चौकटीवर. प्रत्येक स्तंभ एक चौकट कमी. संत्रं २ ऐवजी १ चौकट, आंबा १३ ऐवजी १२ चौकटी, म्हणजे आंबा संत्र्याच्या बारापट दिसायला लागला, खरं तर साडेसहापट आहे. मोठ्या स्तंभाला एक चौकट गेली तर कळत नाही, छोट्याचं मात्र अर्धं अंग गेलं! ओळखायचं सोपं आहे, सगळ्यात छोट्या स्तंभाच्या चौकटी मोजा, २ मुलं असतील आणि एका चौकटीला एक मूल असेल तर रंगवलेल्या चौकटी दोनच पाहिजेत.

(टीव्हीवर कधी कधी जाहिरातीत असे स्तंभ दाखवतात ना, एक आपला इवलासा आणि एक आकाशाला भिडलेला, तिथे खालची रेषा कुठून सुरू झाली ते बघत जा. आपल्याच आकड्यांत खालची रेषा ० ऐवजी ६ वर ठेवली तर केळ्याचा स्तंभ एक चौकट आणि द्राक्षांचा दोन, बघणाऱ्याला वाटेल द्राक्षं आवडणारे केळंवाल्यांच्या दुप्पट. फरक किती, तर एक मूल.)

आता प्रमाण. हा शब्द ऐकून मुलं घाबरतात पण प्रश्न एवढाच आहे की एका चौकटीत किती मुलं बसवायची. तिच्या वहीत उभ्या १३-१४ चौकटी मोकळ्या असतील तर सरळ १ चौकट = १ मूल ठेवा, काहीच त्रास नाही, उगीच अवघड कशाला करायचं. पण समजा वर शीर्षक आणि खाली फळांची नावं लिहून आलेखाला फक्त ८ चौकटीच उरल्या. मग सगळ्यात मोठा आकडा बघायचा, १३. तो ८ चौकटींत मावायचा तर एका चौकटीत एकापेक्षा जास्त मुलं घ्यावी लागणार, म्हणून २ घ्या. प्रमाण १ चौकट = २ मुले. उभ्या रेषेवर खालून ०, २, ४, ६, ८, १०, १२, १४. सात चौकटींत काम झालं, एक वर उरली पण. नेहमी १, २, ५, १० असलंच काहीतरी घ्यायचं, ३ किंवा ७ घेतलं तर चुकत नाही पण मधले आकडे शोधताना मुलांचे हाल होतात.

या प्रमाणाने आंब्याचा स्तंभ १२ च्या वर, १४ च्या खाली, बरोबर मध्ये, म्हणजे साडेसहा चौकटी. इथे मुलं अडतात. "१३ ची रेषाच नाहीये" म्हणतात आणि १२ वर थांबतात नाहीतर १४ वर नेतात, आणि काही हुशार मुलं मध्येच एक १३ ची जादा रेषा घुसवतात की पुन्हा सगळी गडबड. तिला कागदी चौकोनांकडे परत न्या, दोन दोन चौकोनांच्या जोड्या लावायला सांगा. १३ मधून सहा जोड्या होतात आणि एक एकटा उरतो, तो एकटा म्हणजे अर्धी चौकट. केळ्याचंही तसंच, तीन जोड्या आणि एक, साडेतीन चौकटी. द्राक्षं ४, सफरचंद ३, संत्रं १, यांना त्रास नाही. हे एकदा हाताने केलं की प्रमाणाची भीती जाते.

मग ५ का नाही घ्यायचं असं ती विचारेल, विचारू दे. १ चौकट = ५ मुले घेतलं तर आंबा दोन चौकटी आणि तिसरीतला अर्ध्याच्या जरा पुढचा भाग, केळं एक चौकट आणि थोडंसं, सफरचंद एक चौकट आणि केळ्यापेक्षाही जरासं कमी थोडंसं. साध्या चौकटीच्या वहीत ६, ७ आणि ८ जवळजवळ सारखेच दिसतील, वाचणारा अंदाजच मारणार. मिलीमीटरच्या बारीक रेषा असलेल्या आलेख कागदावर १ सेंटीमीटर = ५ मुले जमतं, कारण तिथे एक मूल म्हणजे २ मिलीमीटर होतात आणि आंबा बरोबर २६ मिलीमीटरवर येतो. पण ते पुढच्या इयत्तेत, आत्ता नको.

बाकी काढण्यातल्या गोष्टी पटकन सांगते. सगळ्या स्तंभांची रुंदी सारखी, मधली जागा सारखी, वर आलेखाचं नाव, एका कोपऱ्यात प्रमाण लिहायचं, उभ्या रेषेजवळ "मुलांची संख्या" आणि आडवीजवळ "फळे". रुंदीचा मुद्दा मुलांना उगीचचा वाटतो, पण आंबा आवडतो म्हणून त्याचा स्तंभ दुप्पट जाड केला तर उंचीने आधीच मोठा असलेला तो आणखीनच अंगावर येतो, डोळा रंगवलेली सगळी जागा बघतो, फक्त उंची नाही. रंगांचं म्हणाल तर एक रंग की पाच, मला काही फरक पडत नाही, बाईंना विचारा. स्तंभांची टोकं मात्र रेषेने जोडायची नाहीत, काही मुलं जोडतात, दिसायला छान दिसतं म्हणून. आंबा आणि केळं यांच्या मधोमध कुठलंच फळ नाही, मग त्या रेषेवरचा मधला ठिपका सांगणार काय?

आलेख काढून झाला की वही बंद करू नका, खरी मजा वाचण्यात आहे. आणि वाचायला तिचा नवा २ च्या प्रमाणाचा आलेख घ्या, कारण १ च्या प्रमाणात चौकटी मोजल्या तरी उत्तर बरोबर येतं आणि समजलंय की नाही ते कळत नाही. विचारा, सफरचंद किती जणांना आवडतं? "३" आलं तर ती चौकटी मोजतेय, उभी रेषा बघत नाहीये. स्तंभाच्या टोकावर पट्टी आडवी ठेवून डावीकडे न्यायला लावा आणि तिथला आकडा वाचून घ्या, ६. मग विचारा द्राक्षांपेक्षा आंबा किती जास्त मुलांनी सांगितला. इथे दोन चुकीची उत्तरं ठरलेली असतात, एक "१३", म्हणजे "किती जास्त" ऐकून सगळ्यात मोठा आकडा सांगितला, आणि दुसरं "अडीच", म्हणजे वर उरलेल्या चौकटी मोजल्या पण त्यांची मुलं केली नाहीत. दोन्हीतून काय अडलंय ते वेगळं कळतं, म्हणून नुसतं "चूक" न म्हणता तिने कसं काढलं ते विचारा. आणि मग "एकूण किती मुलांची उत्तरं आली?" यावर "५" असं उत्तर आलं तर हसू नका, स्तंभ मोजलेत तिने. पाचही स्तंभांचे आकडे वाचून बेरीज करायची, १३ + ८ + ७ + ६ + २ = ३६. ही बेरीज म्हणजे तुमची चेकिंगसुद्धा आहे, आलेखावरून वाचलेले आकडे मिळवून ३६ आले नाहीत तर कुठलातरी स्तंभ चुकीचा काढलाय किंवा चुकीचा वाचलाय.

एक प्रश्न मात्र आवर्जून विचारा, तिने स्वतःच्या शब्दांत आलेखावर एक वाक्य लिहायचं. बहुतेक मुलं लिहितात "वर्गातल्या बहुतेक मुलांना आंबा आवडतो" किंवा "अर्ध्याहून जास्त मुलांना आंबा आवडतो". ३६ चे अर्धे १८, आंबा १३, म्हणजे अर्धेसुद्धा नाहीत, २३ जणांनी आंबा सोडून दुसरं काहीतरी सांगितलंय. सगळ्यात उंच स्तंभ म्हणजे अर्ध्याहून जास्त असं नसतं, मोठ्या माणसांचंही इथे चुकतं हो. शिवाय संत्रं दोघांनीच सांगितलं म्हणजे बाकीच्यांना संत्रं आवडत नाही असंही नाही, प्रश्न "सगळ्यात जास्त आवडतं फळ" असा होता, एकाने एकच नाव सांगायचं होतं. एखाद्याचं संत्रं दुसऱ्या नंबरवर असेल, ते या आलेखात येतच नाही.

आणि पुन्हा कधी असा सर्व्हे करायचा झाला तर मोजणी विचारता विचारताच ताळ्याच्या खुणांनी करायला सांगा, प्रत्येक उत्तराला एक उभी रेघ आणि पाचवी रेघ आधीच्या चारांवर तिरकी. नीट लक्ष द्या, काही मुलं पाच उभ्या रेघा काढतात आणि मग वरून तिरकी मारतात, म्हणजे गठ्ठा सहाचा होतो आणि मोजताना तो पाच धरला जातो. आंब्याचे दोन गठ्ठे आणि तीन सुट्या रेघा दिसायला हव्यात. ज्याने "आंबा आणि द्राक्षं दोन्ही" सांगितलं त्याला एक निवडायला लावायचं, नाहीतर मुलं ३६ आणि खुणा ३७ होतात. आणि पेरूचं नाव यादीत होतं पण कुणीच घेतलं नाही असं झालं तरी नाव खोडायचं नाही, आडव्या रेषेवर पेरू लिहायचा आणि त्याच्यावरची जागा रिकामी सोडायची, उंची शून्य.